बाबांचे वाघ, पोरीच्या बकऱ्या

ताडोब्याच्या आसपासच्या एखाद्या गावात संध्याकाळी घराच्या ओट्यावर हे दृश्य सहज दिसतं. नववीतला पोरगा मोबाईलवर फ्री फायर खेळतोय. बाप शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, "आण, मी पाहतो." पोरगा काहीशा नाखुशीनं मोबाईल देतो. मिनिटभरात पडद्यावरचा माणूस आडवा.

"बाबा, मेले तुमी."

"कवा मेलो? कोनं मारलं?"

"मागून. तुमाले नाही जमत, आना इकडं."

आता याच बापाला जंगलाच्या वाटेवर धुळीत उमटलेला पंजा दाखवा. वाघ कुठून आला, कुठं गेला, ठसा सकाळचा की रात्रीचा, हे तो उभ्याउभ्या सांगेल. म्हणजे नजर शाबूत आहे, अंदाजही पक्का आहे. तरी तळहाताएवढ्या पडद्यावर आपल्याला कोणी मारलं, हे त्याला कळत नाही. असं का व्हावं?

"आमच्या वयात हे जमत नाही," असं बहुतेक आईबाप म्हणतात आणि विषय तिथंच मिटवतात. पण वयाचा यात फारसा संबंध नाही. कोणत्या खेळात मोठा माणूस हरवून जातो आणि कोणत्या खेळात नाही, हे त्या खेळाच्या रचनेवर अवलंबून असतं. ती रचना ओळखता आली की मुलासोबत काय खेळायचं, हे ठरवणं सोपं जातं.

मोबाईलच्या खेळात बाप कुठं अडकतो?

फ्री फायर किंवा बीजीएमआयसारख्या खेळात डाव्या अंगठ्यानं माणूस चालवायचा असतो आणि उजव्या अंगठ्यानं त्याची नजर फिरवायची असते. खऱ्या आयुष्यात मान वळवायला वेगळा विचार करावा लागत नाही, इथं करावा लागतो. सायकल शिकताना पायडल, हँडल आणि तोल या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी वेगवेगळ्या आठवाव्या लागतात. सवय झाल्यावर त्यांची एकच गोष्ट होते आणि डोकं रस्त्याकडं बघायला मोकळं होतं. पोराला सवय झालेली आहे, बाप पहिल्या दिवसावर आहे. बापाचं सगळं लक्ष अंगठ्यांतच खर्च होतं. शत्रू शोधायला काही उरतच नाही.

दुसरी अडचण वेळेची. हा खेळ कोणासाठी थांबत नाही. बाप बटण शोधत असला तरी समोरचा गोळी झाडतोच. विचार करायला सवड मिळाली असती तर बापाचा अनुभव कामी आला असता, पण ती सवडच नाही.

तिसरी अडचण सगळ्यात जाचक. बीजीएमआयच्या नेहमीच्या डावात सुमारे शंभर खेळाडू विमानातून उतरतात आणि शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो. म्हणजे जो सगळ्यात कच्चा, तो सगळ्यात आधी बाहेर. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वात कमी खेळायला मिळतं. उरलेला वेळ त्यानं पोराच्या खांद्यावरून बघत बसायचं.

हात, वेळ आणि बाहेर बसणं. या तीन जागा लक्षात ठेवल्या की उलट बाजूनं विचार करता येतो: हात अडणार नाहीत, घड्याळ मागं लागणार नाही आणि हरणारा शेवटपर्यंत डावात राहील, असा खेळ कोणता? असा एक खेळ आपल्याकडं जुनाच आहे आणि त्याला मोबाईल, नेटवर्क, वीज काहीच लागत नाही.

पंचवीस बिंदूंचं जंगल

तो खेळ म्हणजे वाघ-बकरी. देशात त्याची बरीच रूपं आहेत. तमिळनाडूत त्याला आडू पुली आट्टम म्हणतात आणि तिथं तीन वाघांविरुद्ध पंधरा बकऱ्या असतात. तेलुगूत त्याचं नाव पुली-मेका. सिरोंच्यापलीकडं नदी ओलांडली की तीच भाषा आहे. नेपाळमध्ये बाघचाल नावानं चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा डाव खेळतात. त्याचा पट आखायला सोपा आणि नियम पक्के आहेत, म्हणून इथं तोच घेऊ.

अंगणात काडीनं किंवा फरशीवर खडूनं एक मोठा चौकोन काढा. आत तीन उभ्या आणि तीन आडव्या रेघा सारख्या अंतरावर ओढा, म्हणजे सोळा घरं होतील. मग चौकोनाचे दोन्ही कर्ण काढा. शेवटी चारही बाजूंचे मध्यबिंदू तिरक्या रेघांनी एकमेकांना जोडा. रेघा जिथं भेटतात ते पंचवीस बिंदू. सोंगट्या घरात ठेवायच्या नाहीत, या बिंदूंवर ठेवायच्या. वाघांसाठी चार खडे, बकऱ्यांसाठी वीस चिंचोके पुरतात.

सुरुवातीला चारही वाघ चार कोपऱ्यांत बसतात आणि पट रिकामा असतो. बकरीवाला एक बकरी कुठल्याही रिकाम्या बिंदूवर ठेवतो, मग वाघवाला एक वाघ हलवतो, असं आळीपाळीनं चालतं. वाघ रेघेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर जाऊ शकतो. शेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडचा, त्याच सरळ रेघेवरचा बिंदू मोकळा असेल, तर तो तिच्यावरून उडी मारतो आणि ती बकरी मेली. एका खेपेला एकच उडी. विसाच्या वीस बकऱ्या पटावर येईपर्यंत कोणतीही बकरी हलवता येत नाही. त्यानंतर तीही रेघेवरून एकेक पाऊल चालते. बकरी मारत नाही, ती फक्त वाट अडवते. पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

बाबा वाघ का घेतात?

या खेळातली खरी गंमत अशी की दोघं एकच खेळ खेळत नाहीत. बुद्धिबळात दोन्हीकडं सारखंच सैन्य असतं. त्यामुळं कोण कमी पडतो ते लगेच उघडं होतं. इथं दोघांची कामंच निराळी आहेत. वाघाची ताकद मारण्यात आहे, बकरीची संख्येत. हरजीत होते, पण तुलना करायला समान माप राहत नाही.

पहिल्या डावात आईनं किंवा बाबांनी वाघ घ्यावेत. कारण साधं आहे: वाघवाल्याला चारच खडे सांभाळायचे असतात आणि दर खेपेला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा असतो, "कुठल्या बकरीच्या मागं जागा मोकळी आहे?" नवख्यालाही हे दिसतं, आणि एखादी बकरी लवकर हाती लागते. बकरीवाल्याला मात्र वीस मोहऱ्यांची मोट बांधायची असते, आणि दहा चालींनंतर काय होईल त्याचा विचार करायचा असतो. ते काम अवघड आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला अवघड काम दिलं तर ती खूश असते, फक्त ते आपल्यावर सोपवलंय हे तिला जाणवायला हवं.

दोन डावांनंतर बाजू बदलायच्या. तेव्हा आईबापांना कळतं की आपण चिंचोके उचलत होतो, तेव्हा पोरगी काय सोसत होती.

एक डाव जवळून

बिंदूंना क्रमांक देऊ. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडं १ ते ५, दुसऱ्या ओळीत ६ ते १०, असं शेवटच्या ओळीत २१ ते २५. वाघ १, ५, २१ आणि २५ वर आहेत.

नवखा बकरीवाला पहिली बकरी हमखास मधोमध, १३ वर ठेवतो. जागा मोक्याची वाटते, पण तीच सगळ्यात धोक्याची. १३ मधून चार रेघा जातात: उभी, आडवी आणि दोन तिरक्या. चारही रेघांवर बकरीच्या दोन्ही बाजूंना बिंदू आहेत, म्हणजे वाघ कुठूनही येऊन पलीकडं उडी मारू शकतो. वाघ १ वरून ७ वर आला की १९ वर उतरायची धमकी तयार. पोरगी घाईनं १९ वर बकरी ठेवते. दुसरा वाघ ५ वरून ९ वर येतो, आता १७ वर उतरायची धमकी. ती १७ वर बकरी ठेवते. तिसरा वाघ २५ वरून २० वर सरकतो आणि आता १९ वरच्या बकरीवर डोळा ठेवून १८ वर उतरू पाहतो. प्रत्येक बकरी आधीच्या बकरीला वाचवायला खर्च होते. स्वतःचा बेत आखायला एकही खेप मिळत नाही.

आता पहिली बकरी ३ वर, म्हणजे वरच्या कडेच्या मध्यावर ठेवून बघा. तिच्यामागं पट संपतो, म्हणून समोरून किंवा तिरकं येणाऱ्या वाघाला उतरायला जागाच नाही. धोका फक्त कडेच्या आडव्या रेघेवरून. बाबा १ वरचा वाघ २ वर आणतात आणि ४ वर उडी मारायची तयारी करतात. पोरगी ४ वर दुसरी बकरी ठेवते. उडी बंद. ४ वरच्या बकरीला ५ वरच्या वाघाचा धोका वाटेल, पण तिच्या पलीकडं ३ वर बकरी आहे, म्हणजे तीही सुरक्षित. दोघी एकमेकींच्या पाठी राखतात.

बाबांना अजून धोका कळलेला नाही. ते २१ वरचा वाघ १७ वर आणतात. पोरगी तिसरी बकरी १ वर, वाघानं सोडलेल्या कोपऱ्यात ठेवते. कोपऱ्यातली बकरी कधीच मारली जात नाही, कारण तिथं सगळ्या रेघा संपतात. आता २ वरच्या वाघाकडं बघा. डावीकडं १ वर बकरी, उजवीकडं ३ वर बकरी आणि तिच्या पलीकडंही ४ वर बकरी. तिरकी रेघ या बिंदूवर नाही. उरली खालची एकच वाट, ७ ची. ७ आणि त्यापलीकडचा १२ हे दोन बिंदू भरले की पाच बकऱ्यांत एक वाघ जागच्या जागी बसला.

"बाबा, तुमचा वाघ अटकला न."

हे वाक्य फ्री फायरमधल्या "मेले तुमी" पेक्षा अगदी वेगळं आहे. इथं बाबांना दिसतं की काय झालं, कुठं झालं आणि कुठल्या चालीमुळं झालं. पट समोरच आहे. वाटलं तर ती चाल मागं घेऊन पुन्हा बघता येते.

चार वाघांचा हिशेब

कोपऱ्यात बसून राहिलेल्या वाघाला अडवायला किती बकऱ्या लागतात? शेजारचे तीन बिंदू आणि त्यांच्या पलीकडचे तीन, अशा सहा. चार वाघांना चोवीस लागतील असं वाटतं, आणि बकऱ्या तर वीसच. पण कडांचे मध्यबिंदू आणि मधला १३ हे एकापेक्षा जास्त वाघांच्या वाटेवर येतात. सामाईक बिंदू एकदाच मोजले तर सतरा बकऱ्यांत चारही वाघ बंद होतात. म्हणजे वाघ कोपऱ्यातच राहिले तर तीन बकऱ्या गमावूनही बकरीवाला जिंकू शकतो. अर्थात शहाणा वाघ कोपऱ्यात बसत नाही, तो मध्यात फिरत राहतो. हा हिशेब बाप-लेकीनं चिंचोके मांडून स्वतः करून पाहावा. अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

मग प्रश्न येतो, या खेळात वरचढ कोण? लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी बाघचालचा पूर्ण हिशेब संगणकावर मांडला. दोन्ही बाजू एकही चूक न करता खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, असं त्यातून निघालं. घरी डाव निकाली लागतो, कारण कोणीतरी चुकतं. तरी कधी कधी शेवटी तेच ते पुढं-मागं चालू राहतं. त्यासाठी आधीच ठरवून टाकावं: पटावर तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की बरोबरी.

सूट द्यायची तर उघड द्या

काही दिवसांत एक जण पुढं जातो. बहुधा पोरगीच जाते, कारण ती दुपारी भावाशीही खेळत असते. उलटही होतं. मग पुढं गेलेला माणूस मुद्दाम चुकायला लागतो. ही चूक टाळा. किशोरवयीन मुलाला हे दोन चालींत कळतं, आणि आपल्याला लहान समजून खेळवलं जातंय हे त्याला हरण्यापेक्षा जास्त लागतं.

त्याऐवजी डावाच्या आधीच अट बदला. वाघ कच्चा असेल तर पाचऐवजी तीन बकऱ्या मारल्या की त्याची जीत. बकरीवाला कच्चा असेल तर वाघानं सात मारायच्या. मग दोघंही मनापासून, पूर्ण ताकदीनं खेळू शकतात. दोन डाव लागोपाठ एकानंच जिंकले तर अट एका बकरीनं सरकवायची, हा नियम मुलालाच सांभाळू द्या. त्यातून कोण किती पुढं आहे हेही बोलता येतं आणि कोणी दुखावत नाही.

बोलणं कुठून येतं?

गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली भागात बरीच मुलं आश्रमशाळेत राहून शिकतात. घरी येतात ती दिवाळीत आणि उन्हाळ्यात. चंद्रपूरकडं कोळसा खाणीत किंवा औष्णिक वीज केंद्रात पाळीनं काम करणाऱ्या बापाची रात्रपाळी संपते तेव्हा मुलगा शाळेला निघालेला असतो. अशा घरांत अबोला कोणी धरलेला नसतो, पण बोलायला विषयच उरत नाही. "अभ्यास कसा चाललाय?" "चांगला." संपलं.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेंदूपानांचं काम सकाळीच उरकतं आणि दुपारभर सगळे सावलीत अडकलेले असतात. त्या वेळी मधे पट असला की दोघांच्या नजरा एकमेकांवर नसतात, पटावर असतात. समोरासमोर बसवून विचारलं तर पंधरा वर्षांचा मुलगा मिटून जातो, कारण त्याला ती उलटतपासणी वाटते. चिंचोका हातात फिरवताना तोच मुलगा वसतिगृहातल्या मित्राबद्दल आपणहून बोलतो. पाळी समोरच्याची असते तेव्हा गप्प बसणंही विचित्र वाटत नाही. तो विचार करतोय एवढंच.

यात एक अट आहे. खेळाला गुणपत्रिका जोडायची नाही. "बघ, इथं डोकं चालतं, मग गणितात का नाही?" असं एकदा म्हटलं की पुढच्या वेळी मुलगा पट मांडत नाही. बिनसलंय हे ओळखायची खूण अशी: तो न बघता भराभर चाली करू लागतो, म्हणजे त्याला डाव लवकर संपवायचा असतो. तेव्हा डाव तिथंच थांबवावा. उलट तो हरल्यावर "थांबा, ती चाल परत पाहू" म्हणाला, तर सगळं ठीक आहे.

आता मोबाईलकडं परत

मुलगा आयुष्यभर चिंचोके खेळणार नाही आणि त्यानं तसं करावं असा आग्रहही नको. पण वाघ-बकरी निवडताना जे प्रश्न विचारले, तेच मोबाईलच्या खेळालाही विचारता येतात.

लुडो किंगमध्ये पाळी असते, घाई नसते, आणि एकाच मोबाईलवर नेटवर्कशिवाय आळीपाळीनं खेळता येतं. नेट नसलेल्या गावात हे महत्त्वाचं. पण त्यात फाशाचा भाग मोठा आहे, त्यामुळं "असं का खेळलास?" या चर्चेला फारसा वाव नाही.

माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून जग उभारायचा, विकत घ्यावा लागणारा खेळ आहे. त्यातल्या क्रिएटिव्ह प्रकारात भूक नाही, मरण नाही, ठोकळे संपत नाहीत. इथं कामं वाटून घ्यायची: मोबाईल मुलाच्या हातात आणि नकाशा आईच्या डोक्यात. "आजोबांचं जुनं घर बांध," असं सांगा. मग गोठा कोणत्या अंगाला होता, पडवी किती रुंद होती, मोहाची फुलं कुठं वाळवायचे, हे त्याला आईलाच विचारावं लागतं. त्याला बांधता येतं पण घर माहीत नाही, तिला घर माहीत आहे पण बांधता येत नाही. वाघ आणि बकरीसारखीच ही दोन वेगळी कामं आहेत, फक्त इथं दोघं एका बाजूला आहेत.

फ्री फायर तरीही खेळायचंच असेल तर मोबाईल मुलाकडंच राहू द्या आणि आपण शेजारी बसून एकच काम घ्या: कोपऱ्यातला छोटा नकाशा बघून "डावीकडून येतोय" एवढं सांगायचं. अंगठे मोकळे असल्यामुळं बापाची पारखी नजर इथं कामी येते. चार-दोन डावांत पोरगाच विचारू लागतो, "बाबा, कुठून येऊन राहिला?"

चौकट: खेळ निवडण्याआधी तीन प्रश्न

• वेळ कोण ठरवतो? आळीपाळीचा खेळ असेल तर नवखा माणूस विचार करू शकतो. घड्याळाचा असेल तर तो आधी हातांतच अडकतो.

• हरणारा कुठं जातो? जो लवकर बाहेर बसतो तो शिकत नाही. कच्च्या खेळाडूला शेवटपर्यंत डावात ठेवणारा खेळ निवडा.

• दोघांचं काम एकच आहे का? कामं वेगळी असतील तर तुलना टळते. एकच असतील तर डावाआधी उघड सूट ठरवा.

वाघ-बकरीसाठी लागणारं सामान: खडू किंवा काडी, चार खडे, वीस चिंचोके. पहिला डाव शिकण्यासाठी, म्हणून त्यात चाल परत घ्यायला मोकळीक ठेवा. दुसऱ्या डावापासून नाही.